ग्रेस मार्क: काठावर अडकलेला विषय कसा सुटतो आणि टक्क्यांचं काय होतं

गेल्या वर्षी माझ्या भाच्याचा बीएमएसचा रिझल्ट लागला तेव्हा घरात जे काही झालं त्यावरून हे लिहितोय. पठ्ठ्याला एका विषयात शंभरपैकी ४२ आणि खाली निकाल नापास. पासिंग तर ४० ला असतं, मग ४२ वाला नापास कसा, असं म्हणून ताई कॉलेजशी भांडायला निघाली होती. तिला थांबवून आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर मार्कशीट पसरली आणि कागद पेन घेऊन बसलो, आणि अर्ध्या तासात कळलं की ४२ ला नापास हे बरोबर होतं पण तरीही तो पास व्हायला हवा होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं ते समजलं की ग्रेसचा सगळा खेळ समजतो.

मी इथे मुंबई विद्यापीठाचाच नियम सांगणार आहे. प्रत्येक विद्यापीठाचे आकडे वेगळे असतात, दहावी बारावीच्या बोर्डाचं गणित अजून वेगळं, त्यामुळे शेजारच्या काकांनी पुण्याचं किंवा बोर्डाचं सांगितलं म्हणून ते इथे लावू नका. आणि मुंबईतच पण मेडिकल, लॉ असले कोर्स असतील तर वरच्या काउन्सिलचा नियम आधी, मग विद्यापीठाचा.

पहिलं काम: विषय विसरा, हेड बघा

नवीन पोरं आणि आईबाप सगळे इथेच चुकतात. आपण म्हणतो "विषयात नापास", विद्यापीठ मात्र "हेड ऑफ पासिंग" मोजतं. म्हणजे ज्या भागात वेगळं पास व्हावं लागतं तो प्रत्येक भाग म्हणजे एक हेड. भाच्याच्या पॅटर्नमध्ये एका विषयाचे १०० मार्क, त्यातले ७५ सेमिस्टरच्या लेखी पेपरचे आणि २५ इंटर्नलचे, आणि दोन्हीत वेगवेगळे ४० टक्के लागतात. म्हणजे लेखीत ७५ पैकी ३० आणि इंटर्नलमध्ये २५ पैकी १०. त्याला लेखीत २७ होते आणि इंटर्नलमध्ये १५. बेरीज ४२ दिसते छान, पण लेखीचं हेड ३ मार्कांनी उडालेलं. इंटर्नलचे जास्तीचे ५ मार्क तिकडे वळवता येत नाहीत.

म्हणून मार्कशीट हातात आली की आधी प्रत्येक हेड वेगळं वाचा आणि जिथे कमी पडलंय तिथे किती कमी पडलंय तेवढाच आकडा बाजूला लिहा. पुढचं सगळं त्या आकड्यांवर चालतं, एकूण टक्के कितीही असोत.

त्याची पूर्ण मार्कशीट देतो, कारण पुढे ह्यावरच बोलायचंय. सात विषय, एकूण ७०० मार्क. आधी लेखी, मग इंटर्नल:

```
१)  ४८ + १८ = ६६
२)  २७ + १५ = ४२   (लेखीत ३ कमी)
३)  ४१ + १९ = ६०
४)  २८ + १७ = ४५   (लेखीत २ कमी)
५)  ५२ + २० = ७२
६)  ३९ + १६ = ५५
७)  ४५ + १८ = ६३
    एकूण      ४०३
```

दोन हेडं उडालेली, एक ३ नी एक २ नी.

दुसरं काम: दोन कुंपणं तपासा

काठावरच्याला पास करायचा मुंबई विद्यापीठाचा नियम म्हणजे ऑर्डिनन्स ५०४२-ए. ह्यात दोन मर्यादा आहेत आणि दोन्ही एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा हेडच्या मापाची. हेड ५० मार्कांपर्यंतचं असेल तर त्यात जास्तीत जास्त २ मार्क ग्रेस, ५१ ते १०० चं असेल तर ३, १०१ ते १५० चं असेल तर ४, असं पन्नास पन्नासला एकेक वाढत जातं आणि ४०१ च्या पुढे १० वर थांबतं. मला वाटतं "विद्यापीठ दहा मार्क ग्रेस देतं" ही जी अफवा कॅन्टीनमध्ये फिरत असते ती ह्या शेवटच्या ओळीवरूनच आली असणार, पण चारशेच्या वरचं हेड कोणाच्या मार्कशीटवर असतं हो? आपल्या नेहमीच्या ७५ च्या किंवा १०० च्या पेपराला ३, आणि २५ च्या इंटर्नलला २, एवढंच लक्षात ठेवा.

दुसरी मर्यादा सगळ्या हेडांची मिळून. जितके ग्रेस मार्क लागतील त्यांची बेरीज त्या परीक्षेच्या एकूण मार्कांच्या १ टक्क्याच्या वर जाता कामा नये. ७०० चा एक टक्का ७. सहा विषयांची ६०० ची सेमिस्टर असेल तर ६.

भाच्याचं बघा: एकात ३ हवेत, मर्यादा ३, चाललं. दुसऱ्यात २ हवेत, मर्यादा ३, चाललं. बेरीज ५, मर्यादा ७, हेही चाललं. म्हणजे दोन्ही विषय सुटायला हवे होते.

आता हेच जरा बिघडवून बघू. समजा त्याची तीन हेडं उडाली असती, ३, ३ आणि २ नी. प्रत्येक हेड आपापल्या मर्यादेत आहे पण बेरीज ८ होते, ७ च्या वर. मग काय, पहिल्या दोघांना ६ देऊन तिसऱ्यात केटी ठेवतात का? नाही. कोणालाच काही मिळत नाही. का ते पुढे.

सगळं किंवा काहीच नाही

५०४२-ए मधली सगळ्यात कमी माहीत असलेली आणि सगळ्यात जास्त रडवणारी अट ही की ग्रेस फक्त तेव्हाच मिळतो जेव्हा तो दिल्यावर पोरगं ती *अख्खी* सेमिस्टर पास होतं. एकेक विषय सोडवायला हा नियम नाहीच आहे, अख्खा रिझल्ट "नापास" चा "पास" करायला आहे.

भाच्याच्याच वर्गातला एक मित्र, त्यालाही त्याच दोन विषयांत झटका बसला होता, पण ह्याचे २७ आणि त्याचे २६. चौथ्या विषयात दोघांचे २८. २६ म्हणजे ४ कमी, ७५ च्या हेडला मर्यादा ३ ची, म्हणून तो विषय गेला. आणि तो गेल्यामुळे सेमिस्टर पास होत नाही, म्हणून २८ वाल्या विषयातले हक्काचे वाटणारे २ मार्कही गेले. एका मार्कात दोन केट्या. त्याची आई म्हणत होती की निदान एक तरी विषय सोडवायचा होता, आणि माणूस म्हणून मला ते पटतं पण नियम असाच आहे आणि तो सगळ्यांना असाच लागतो.

ह्यातून एक कामाची गोष्ट निघते. असा एका मार्कावर अडकला असाल तर २६ वाल्या पेपराची फोटोकॉपी मागवा आणि बसून बेरीज करा, आतला एखादा उपप्रश्न तपासायचा राहिलाय का, आतले मार्क पहिल्या पानावर नीट उतरवलेत का ते बघा. तिथे एक मार्क जरी सापडला तरी ३ ची मर्यादा गाठली जाते आणि मग दोन्ही विषय एकदम सुटतात. बाकीच्यांसाठी एका मार्कासाठी फी भरणं वेडेपणा असेल, ह्या मुलासाठी नाही. तारीख मात्र रिझल्ट लागल्या दिवसापासून मोजली जाते तेव्हा आधी अर्ज, मग रडारड.

एकच हेड उडालं असेल तर दुसरा दरवाजा

बाकी सगळं पास आणि फक्त एकाच हेडमध्ये कमी पडलंय, पण ३ पेक्षा जास्त कमी पडलंय, अशा वेळी ऑर्डिनन्स ५०४५-ए बघायचा. ह्याला कन्डोनेशन म्हणतात, म्हणजे तूट माफ करणं. इथे मर्यादा तीन आणि त्यातली सगळ्यात छोटी लागते: एकूण मार्कांचा १ टक्का, किंवा त्या हेडच्या मार्कांचे १० टक्के, आणि काहीही झालं तरी १० च्या वर नाही.

समजा भाच्याला चौथ्या विषयात नीट ३५ असते आणि फक्त दुसऱ्या विषयात २४ असते. ६ कमी. ७०० चा १ टक्का ७, ७५ चे १० टक्के साडेसात, त्यातले छोटे ७. सहा हे सातात बसतात, सुटला. २३ असते तरी सुटला असता, २२ ला नाही.

आता गंमत बघा, एका विषयात ६ नी नापास झालेला पास होतो आणि दोन विषयांत ४ आणि २ नी नापास झालेला, म्हणजे त्याचेही एकूण ६ च कमी, तो दोन केट्या घेऊन बसतो. मला हे आजपर्यंत नीट पचलेलं नाही पण कागदावर असंच आहे.

इंटर्नलचं हेड २५ चं असेल तर १० टक्के म्हणजे अडीच, त्यामुळे तिथे कन्डोनेशनने फार काही मिळत नाही, २ च्या आसपासच अडतं. म्हणून इंटर्नल हलक्यात घेऊ नका हे सर का ओरडतात ते ह्या आकड्यावरून समजेल.

मार्कशीटवर आणि गॅझेटमध्ये दोन्हीच्या खुणा वेगळ्या असतात. `@` म्हणजे ५०४२ च्या घरातला ग्रेस आणि `*` म्हणजे कन्डोनेशन. `27@3` असं दिसलं तर वाचायचं असं की मिळालेले २७, दिलेले ३.

आता टक्के

लोकांना वाटतं ग्रेसने टक्के चांगलेच वर जात असतील. पण वरची १ टक्क्याची मर्यादा आठवा: एकूण मार्कांच्या १ टक्क्यापेक्षा जास्त द्यायचेच नाहीत म्हटल्यावर त्या सेमिस्टरचे टक्के एकापेक्षा जास्त वाढूच शकत नाहीत. नियमानेच छप्पर घातलंय.

भाच्याचे मिळवलेले ४०३, ७०० पैकी, म्हणजे ५७.५७ टक्के. ग्रेसचे ५ धरले तर ४०८, म्हणजे ५८.२९. फरक पाऊण टक्क्यालाही पोचत नाही. आणि पूर्ण डिग्रीचे सगळे मिळून समजा ४००० मार्क असतील तर त्यात हे ५ मार्क म्हणजे ०.१२ टक्के, कोणाच्या डोळ्यातही येत नाहीत.

ग्रेसचे मार्क छापील बेरजेत धरलेत की नाही ते ओळखायला कोणाला विचारायची गरज नाही. सगळ्या हेडांचे मिळवलेले मार्क, म्हणजे खुणेच्या आधीचे आकडे, स्वतः मिळवा आणि खाली छापलेल्या टोटलशी लावून बघा. ४०३ छापलंय तर धरलेले नाहीत, ४०८ असेल तर धरलेत, आणि टोटललाही खूण लावून दोन आकडे असतील तर दोन्ही समोरच आहेत. ही बेरीज एकदा केलीच पाहिजे कारण पुढे ॲडमिशनच्या किंवा नोकरीच्या फॉर्मवर टक्के भरताना मुलं आपल्या मनाने ग्रेस मिळवतात किंवा वजा करतात, मग व्हेरिफिकेशनला फॉर्मवर ५८.२९ आणि मार्कशीटवर वेगळंच असं निघालं की उगाच प्रश्नोत्तरं सुरू होतात. मार्कशीटवर जी टोटल छापलीय तिच्यावरूनच टक्के काढा आणि तेच भरा.

टक्क्यांचा खरा फटका मात्र दुसरीकडे बसतो आणि तो दिसत नाही. ग्रेसने सुटलेला विषय लेखीत ३० वर थिजतो. केटी देऊन तोच पेपर त्याने ५० ने काढला असता तर २० मार्क जास्त, म्हणजे त्या सेमिस्टरला जवळजवळ २.८६ टक्के जास्त. अर्थात त्यासाठी केटीची फी, पुढच्या सेमिस्टरच्या अभ्यासावर अजून एक पेपर, आणि पुन्हा नापास व्हायची भीती हे सगळं आलं, आणि ५० पडतीलच ह्याची कोण गॅरंटी देतो. मला विचाराल तर सुटलेला विषय बरा. पण "ग्रेसने माझे टक्के वाढले" असं कोणी म्हणालं तर त्याला हा हिशोब दाखवा.

क्लास जातो तो इथे

फर्स्ट क्लाससाठी थोडेसे मार्क कमी पडले तर विद्यापीठ तेही देतं, त्याचा नियम ५०४३-ए. तिथे पण एकूण मार्कांचा १ टक्का किंवा १० मार्क ह्यातलं जे कमी तेवढ्यापर्यंत. पण अट अशी की तो माणूस सगळ्या हेडांत *ग्रेस किंवा कन्डोनेशन न घेता* पास झालेला हवा.

दोन मुलं धरा, दोघांचे ७०० पैकी ४१५. म्हणजे ५९.२९ टक्के, फर्स्ट क्लासच्या ४२० ला ५ कमी. पहिला सगळीकडे स्वतःच्या मार्कांवर पास, त्याला ५ मिळतात आणि तो ६० वर जातो. दुसऱ्याने एका इंटर्नलमध्ये एक मार्क ग्रेस घेतलेला, बस, एकच मार्क, आणि त्या एका मार्कापायी त्याला हे ५ मिळत नाहीत, तो ५९ वरच राहतो. ज्या जाहिरातीत "किमान ६० टक्के" लिहिलेलं असतं तिथे ह्या दोघांचं नशीब वेगळं. एखाद्या विषयात डिस्टिंक्शनला ३ पर्यंत मार्क कमी पडले तर ५०४४-ए आहे, तिथेही हीच अट.

म्हणजे टक्क्यांवर ग्रेसचा परिणाम बघायचा तर मिळालेले ३ मार्क बघू नका, त्या ३ मुळे जे ५ मिळायचे राहिले ते बघा. ज्याचे एकूण टक्के पन्नास पंचावन्नच्या मधेच कुठेतरी आहेत त्याला ह्याचं काही सोयरसुतक नाही, जो साठच्या उंबरठ्यावर आहे त्यानेच इंटर्नलचे एक दोन मार्क आधीच गोळा करून ठेवावेत, असाइनमेंट वेळेवर द्यावी, एवढंच.

ग्रेड पॉइंटच्या मार्कशीटवर

जिथे टक्क्यांऐवजी ग्रेड पॉइंट आहेत तिथे चित्र थोडं वेगळं दिसतं कारण तिथे मार्क पायऱ्यांनी मोजले जातात. मुंबईच्या जुन्या दहा पॉइंटच्या पद्धतीत ४० च्या खाली एफ म्हणजे शून्य पॉइंट, आणि ४० ला एकदम डी म्हणजे ४ पॉइंट. शंभरच्या सलग पेपरात ३७ चे ४० झाले की मार्क ३ च वाढले पण पॉइंट शून्यावरून चारवर गेले. विषय ३ क्रेडिटचा आणि सेमिस्टर २० क्रेडिटची असेल तर ४ गुणिले ३ भागिले २० म्हणजे ०.६ पॉइंट. ऐकायला भारी वाटतं, पण खरं बघायचं तर एफ असताना सेमिस्टर पासच नसते, त्यामुळे "आधी ५.९ होता आता ६.५ झाला" असं काही नसतं. तुलना करायची तर केटीशी करा: तोच पेपर पुढे ५२ ने निघाला असता तर बी, ६ पॉइंट, म्हणजे ०.३ चा फरक.

रिझल्टमध्ये ग्रेस लागलाच नसेल तर

ग्रेससाठी अर्ज करावा लागत नाही, रिझल्ट तयार करतानाच तो लावला जातो. पण सुरुवातीच्या वर्षांच्या परीक्षा आणि निकाल बऱ्याच ठिकाणी कॉलेजच सांभाळतं आणि तिथे माणसंच बसलेली असतात. भाच्याच्या बाबतीत तेच झालं होतं. दोन विषय गेलेत म्हणजे ग्रेस लागत नाही असं खिडकीवरच्या बाईंनी ठामपणे सांगितलं. त्यांच्या डोक्यात कन्डोनेशनची एका हेडची अट होती, ती त्यांनी ग्रेसला लावली. ही चूक बरीच होते म्हणून सांगतोय: एकाच हेडची अट ५०४५-ए ला आहे, ५०४२-ए मध्ये दोन काय तीन हेडं पण चालतात, बेरीज १ टक्क्यात बसली की झालं.

आम्ही भांडलो नाही. एका पानावर अर्ज लिहिला, परीक्षा विभागाच्या नावाने, त्यात सीट नंबर, सेमिस्टर, आणि तीन ओळींचा हिशोब: अमुक हेड ७५ चं, मिळाले २७, कमी ३, मर्यादा ३. तमुक हेड ७५ चं, मिळाले २८, कमी २, मर्यादा ३. एकूण ५, मर्यादा ७०० चा १ टक्का म्हणजे ७. खाली ऑर्डिनन्सचा नंबर आणि सोबत मार्कशीटची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर पोचल्याचा शिक्का घेतला, तो अगदी मागून घ्या कारण शिक्का नसेल तर तुमचा अर्ज कधी आलाच नव्हता असं व्हायला वेळ लागत नाही. दरम्यान केटीच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती, तर आम्ही तो फॉर्मही भरून ठेवला. फी वाया गेली तर गेली, वर्ष वाया जायला नको.

पंधराएक दिवसांनी नवीन मार्कशीट मिळाली. दुसऱ्या विषयासमोर `27@3`, चौथ्यासमोर `28@2`, खाली पास. ताईने ती लगेच लॅमिनेट करायला काढली होती, तिला म्हटलं अगं थांब, लॅमिनेट केलेली पुढे अटेस्टेशनला कुठे कुठे घेत नाहीत, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव.